छत्तीस मार्कांचं वेळापत्रक

परीक्षेला आठवडा राहिला तेव्हा डेटा स्ट्रक्चर्स या कॉम्प्युटरच्या विषयाच्या उजळणीची दोन वेळापत्रकं कॉलेजच्या विभागाने वाटली, आणि दोन्ही एकाच घरातल्या जेवणाच्या टेबलावर येऊन पडली. एक धाकटीचं, एक मोठीचं.

बहिणींमध्ये चार वर्षांचं अंतर होतं, तरी पेपर एकच होता. मोठीची शाळा संपली त्या वर्षी बाबा जिन्यावरून पडले, खुब्याचं हाड मोडलं, आणि घरच्या लाँड्रीच्या काउंटरवर मोठीला उभं राहावं लागलं. लोकांच्या शर्टांवर टोकन टाचण्यात तिची तीन वर्षं गेली. बाबा काठी घेऊन चालायला लागले तेव्हा ती कॉलेजात गेली, ती धाकटीच्या जेमतेम एक वर्ष पुढे. पुढे असण्याचं ते समाधानही टिकलं नाही. गेल्या खेपेला या एका विषयात तिची दांडी उडाली, आणि आता तिला धाकटीच्या वर्गाबरोबर तोच पेपर पुन्हा द्यायचा होता. सत्तरपैकी बावीस मिळाले होते. पास व्हायला अठ्ठावीस लागत.

"ताई, तुझं दाखव," धाकटी म्हणाली. तिच्या कागदावर वर 'अ गट' असं लिहिलेलं होतं. पाच युनिटं, प्रत्येकापुढे मार्क, त्यापुढे एक ते तीनमधला काठिण्याचा आकडा, दोघांचा गुणाकार, आणि त्या गुणाकाराच्या प्रमाणात वाटलेले तास. अ‍ॅरे दहा मार्कांचे आणि सोपे, म्हणून त्यांना सकाळचे दोन-अडीच तास. ट्री अठरा मार्कांचं आणि अवघड, म्हणून त्याला दोन अख्खे दिवस. ग्राफ, सॉर्टिंग आणि हॅशिंग मिळून सोळा मार्कांचं युनिट, त्यालाही जवळपास तितकेच. शेवटच्या दिवशी जुना पेपर सोडवायचा. शिवाय तीन दुपारी शंकानिरसनाचे तास, विषयाचे सर स्वतः घेणार.

मोठीच्या कागदावर 'ब गट' होतं. ब गट म्हणजे मागच्या खेपेचे नापास, एकूण अकरा जण. त्यात युनिटं तीनच होती. अ‍ॅरे, स्टॅक-क्यू आणि लिंक्ड लिस्ट. तीच सात दिवसांत फिरवून फिरवून घातलेली. शंकानिरसन नाही. सगळ्यात खाली एक ओळ: 'ट्री व ग्राफ ही युनिटे ऐच्छिक. झेपल्यास पाहावीत.'

"झेपल्यास," मोठी म्हणाली.

"अगं, पण तुला पासच व्हायचंय ना?" धाकटी सहज बोलून गेली. "मग कशाला उगाच ट्रीच्या नादी लागायचं?"

मोठीने तिच्याकडे असं पाहिलं की धाकटीने हातातलं पाण्याचं भांडं खाली ठेवलं.

"धाकटे, दहा, बारा आणि चौदा किती होतात?"

"छत्तीस."

"म्हणजे माझा पेपर सत्तरचा नाही, छत्तीसचा. पण पास व्हायला लागणार अठ्ठावीसच. ते काही कोणी कमी करत नाही. छत्तीसपैकी अठ्ठावीस म्हणजे शेकडा किती झाले?"

धाकटीने मोबाईलवर आकडे टाकले. "सत्त्याहत्तर... अठ्ठ्याहत्तर म्हण."

"आणि तुला पास व्हायला?"

"चाळीस."

"वा! म्हणजे हुशारांनी शेकडा चाळीस आणले की ते सुटले, आणि ढ म्हणून ज्यांना बाजूला काढलं त्यांनी शेकडा अठ्ठ्याहत्तर आणायचे. एक उत्तर चुकलं की संपलं. ही सवलत म्हणायची?"

आई कणीक मळता मळता थांबली. "मास्तर लोकांनी काहीतरी विचार करूनच केलं असेल गं."

"तोच तर राग आहे आई. विचार केला असता तर चुकलं म्हणून सोडून दिलं असतं. त्यांनी आमच्यासाठी विचारच केलेला नाही. तिच्या कागदावर बघ, गुणाकार आहे, प्रमाण आहे, तास आहेत. माझ्या कागदावर नुसती कात्री आहे."

आणि मग तिला आणखी एक गोष्ट आठवली, आणि ती आठवल्यावर तिचा चेहरा उतरला. गेल्या वेळी तिने नेमकं हेच केलं होतं. एका सीनियरने सांगितलं होतं की ट्री-ग्राफच्या वाटेला जाऊ नकोस, पहिली तीन युनिटं पक्की कर. तिने इमानदारीत तेवढीच केली, पेपरात तेवढीच लिहिली, आणि छत्तीसपैकी बावीस आणले.

"छत्तीसपैकी बावीस म्हणजे एकसष्ट टक्के," ती हळूच म्हणाली. "मी फर्स्ट क्लासच्या मार्कांनी नापास झाले. आणि वर्षभर मी स्वतःला ढ समजत होते."

बाबा कोपऱ्यातल्या खुर्चीत काठी मांडीवर आडवी घेऊन बसले होते. विषयातलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं. पण लेकीचा आवाज त्यांना कळत होता.

"मग उद्या जा आणि विचार," ते म्हणाले. "घरात भांडून काय होणार? इथे कोण पेपर काढतंय?"

दुसऱ्या दिवशी ती विषयाच्या सरांकडे गेली. सर तसे वाईट नव्हते. शिकवायचे मन लावून, आवाज चढवायचे नाहीत, तपासलेल्या वह्यांवर खुणेबरोबर दोन शब्दही लिहायचे. तिने कागद पुढे ठेवला आणि हिशेब सांगितला. त्यांनी ऐकून घेतलं.

"बाळा, बारा वर्षं हा विषय शिकवतोय," ते म्हणाले. "नापास झालेली मुलं शेवटच्या आठवड्यात ट्री हातात घेतात, गोंधळतात, आणि येत असलेला स्टॅकही विसरून बसतात. मी डोळ्यांनी पाहिलंय. तुमच्या भल्यासाठीच आहे ते."

"सर, ती गोंधळतात हे खरं असेल. पण मी नाही गोंधळले. तुमचं हे वेळापत्रक मी गेल्या वर्षीच पाळलंय, तुम्ही लावायच्या आधी. एकही ट्री बघितलं नाही. तरी नापास झाले. तुम्हीच तपासलाय पेपर."

सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"अ गटाचं वेळापत्रक मी केलं," ते म्हणाले. "ब गटाचं वरून आलं."

"वरून म्हणजे?"

त्यांनी नुसती मान विभागप्रमुखांच्या दाराकडे वळवली. मग जरा खालच्या आवाजात म्हणाले, "शंकानिरसनाला वर्ग एकच मिळालाय, लहान. सगळ्यांना बसवता येत नव्हतं. कुणाला वगळायचं, हा प्रश्न होता."

म्हणजे गोम इथे होती. खुर्च्या कमी होत्या, म्हणून विषय कमी केला. मोठीची कानशिलं तापली. ती तशीच शेजारच्या दारात गेली.

विभागप्रमुख बाई फोनवर होत्या. फोन संपेपर्यंत तिला उभं ठेवलं. मग कागदाकडे न बघताच त्या म्हणाल्या, "तुम्ही ब गट ना? हे बघा, ज्याला जेवढं झेपतं तेवढंच द्यावं. अंथरूण पाहून पाय पसरावेत."

"मॅडम, अंथरूण तुम्हीच अर्धं कापलंत."

बाईंनी मान वर केली. "भाषा सांभाळा."

"सांभाळते मॅडम. पण हिशेब बघा ना एकदा. छत्तीसपैकी अठ्ठावीस कोण आणणार? तुमच्या अ गटातली अर्धी मुलंसुद्धा नाही आणणार."

"आणि ट्री-ग्राफ करूनही परत नापास झालात तर? मग कुणाच्या नावाने बोटं मोडणार?"

"तर माझ्या वेळापत्रकाने नापास होईन. तुमच्या नाही."

असं बोलून ती बाहेर आली खरी, पण जिना उतरताना तिच्या लक्षात आलं: 'माझं वेळापत्रक' नावाचं काही अस्तित्वातच नव्हतं. आठवड्यातला एक दिवस भांडण्यात आणि एक दुपार उभं राहण्यात गेली होती.

संध्याकाळी लाँड्रीचं शटर अर्धं ओढून बहिणी आतल्या टेबलावर बसल्या. कपड्यांचे गठ्ठे बाजूला सारले. धाकटी आदल्या दिवशीच्या बोलण्याने वरमली होती आणि भरपाई करायला अ गटाचं वेळापत्रक घेऊन आली होती. "हेच घे ना तू. चांगलं आहे."

मोठीने ते बराच वेळ न्याहाळलं. "हे तुझ्यासाठी चांगलं आहे. तुला सत्तरच्या आसपास जायचंय, म्हणून जे जास्त अवघड त्याला जास्त तास. माझं तसं नाही. एव्हीएलची रोटेशनं बघ, त्यात ट्री एका बाजूला झुकलं की गाठी फिरवून सरळ करायचं. सगळ्यात अवघड. या गुणाकाराने माझे सगळे तास तीच खातील, आणि मार्क मिळणार सात-आठ. मला आधी काय करायचं ते ठरवायला गुणाकार नको. भागाकार पाहिजे."

"भागाकार?"

"मार्क भागिले काठिण्य. थोड्या कष्टात जास्त मार्क कुठे आहेत ते आधी. अवघड आणि कमी मार्कांचं ते शेवटी, वेळ उरला तर. आणि काठिण्य माझं, सरांचं नाही. मला लिंक्ड लिस्टमध्ये घाम फुटतो. स्टॅक मी झोपेत करते."

मग त्यांनी युनिटं फोडली. अख्खं ट्री अवघड हे म्हणणंच चूक होतं. ट्रीतलं ट्रॅव्हर्सल, म्हणजे प्रत्येक गाठीला ठरलेल्या क्रमाने भेट द्यायची, ते सोपं होतं. बायनरी सर्च ट्री, लहान आकडा डावीकडे आणि मोठा उजवीकडे, तेही जमण्यासारखं होतं. जुने पेपर पसरून पाहिले तर या दोन्हींवर दरवर्षी निम्म्याहून जास्त मार्क होते. अवघड होती ती फक्त रोटेशनं.

ग्राफपाशी आल्यावर धाकटी एकदम उठून उभीच राहिली. "ताई, ब्रेड्थ फर्स्ट म्हणजे काय? जवळचे शेजारी रांगेत लावायचे आणि पुढचा उचलायचा. क्यूच की! आणि डेप्थ फर्स्ट म्हणजे शेवटी ठेवलेला आधी उचलायचा, स्टॅक. तुला येतंय हे. तुला हे आधीपासून येतंय!"

मोठीला आनंद व्हायला हवा होता, पण झाला तो संतापच. जे तिला येत होतं त्याच्याच पुढच्या पायरीवर कुणीतरी 'झेपल्यास' अशी पाटी लावली होती.

"स्टॅक-क्यू आणि हे दोन्ही एकाच दिवशी," ती म्हणाली. "उद्याच."

असं करत वेळापत्रक तयार झालं. सातपैकी जे दिवस हातात होते त्यात आधी स्टॅक, क्यू आणि ग्राफची दोन ट्रॅव्हर्सलं. मग लिंक्ड लिस्टला एक पूर्ण दिवस, कारण चौदा मार्क आणि तिच्यापुरतं अवघड. मग ट्रीचं सोपं अंग. मग सॉर्टिंग-हॅशिंग, आणि उरलेल्या वेळात अ‍ॅरे. त्यानंतर एक मोकळी दुपार, रोटेशनांसाठी किंवा जे कच्चं राहील त्यासाठी. शेवटच्या दिवशी घड्याळ लावून जुना पेपर, आणि त्यानंतर फक्त त्यातल्या चुका. रोज सकाळी पहिला अर्धा तास आदल्या दिवशीचं कोऱ्या कागदावर लिहून पाहायचं. पुस्तक मिटून. लिहिता आलं नाही तर ते झालेलं नाही.

सकाळी तिने ब गटातल्या सगळ्यांना वाचनालयात गाठलं. तिथे तिला वाटलं होतं तसं स्वागत झालं नाही. गटात एक मुलगा होता, त्याला सगळे पुढारी म्हणायचे, कारण तो कुठेही उभा राहिला की भाषण सुरू करायचा. त्याने तिच्या वेळापत्रकाचा कागद उलटसुलट करून पाहिला.

"ताई, तुम्ही मोठ्या, तुमचा मान आहे," तो म्हणाला. "पण देवाने तीन युनिटं दिलीत आणि तुम्ही पाच मागताय? आयत्या बिळावर बसायचं सोडून नवीन बीळ कोण खणतं? मी तिन्ही युनिटं अशी पाठ करणार की पेपर तपासणारा रडेल."

"अठ्ठ्याहत्तर टक्के आणशील?"

"आणणार!"

आणखी पाच जणांनी त्याच्यामागे माना हलवल्या. सांगितलं तेवढं करावं, नसत्या फंदात पडू नये. राहिले चार. त्यात एक मुलगी होती, वर्षभरात तिचा आवाज कुणी ऐकला नव्हता, म्हणून तिचं नाव अबोली पडलं होतं. तिने काही न बोलता आपली वही मोठीच्या वहीशेजारी आणून ठेवली.

ट्रीच्या दिवशी दुपारी सरांचा शंकानिरसनाचा तास होता. मोठी आणि अबोली मागच्या भिंतीशी जाऊन उभ्या राहिल्या. खुर्च्या भरल्या होत्या, पण भिंत रिकामी होती. सर बायनरी सर्च ट्रीमधली गाठ कशी काढायची ते सांगत होते. दोन मुलं, म्हणजे खाली जोडलेल्या दोन गाठी, असलेली गाठ काढताना तिच्या जागी कोण येतं, इथपर्यंत आले, तेवढ्यात दारात विभागप्रमुख बाई दिसल्या. त्यांनी आत पाऊल टाकलं नाही. नुसतं भिंतीकडे पाहिलं आणि मग सरांकडे.

सर खडू हातात घेऊन थांबले. "ज्यांचं नाव यादीत नाही, त्यांनी..." त्यांनी वाक्य पुरं केलं नाही.

वर्गाने मागे वळून पाहिलं. मोठीने वही मिटली. अबोलीचे कान लाल झाले होते. दोघी खुर्च्यांच्या मधून वाट काढत बाहेर पडल्या. दुसऱ्या रांगेत धाकटी बसली होती. तिने मान खाली घातली आणि ती जागची हलली नाही.

संध्याकाळी घरी आल्यावर मोठी तिच्याशी चकार शब्द बोलली नाही. ताट वाढलं, पाणी दिलं, बोलली नाही. शेवटी धाकटीनेच वही तिच्यापुढे आपटली.

"उठून तुझ्याबरोबर आले असते तर काय झालं असतं? दोघींना कळलं नसतं की त्या गाठीच्या जागी कोण येतं. मी बसून सगळं उतरवून घेतलंय, शब्द न् शब्द. रागवायचं तर रागव, पण आधी हे बघ."

मोठीने खुर्ची ओढली.

"कोण येतं सांग."

"उजव्या बाजूच्या झाडातलं सगळ्यात लहान. कारण ते डावीकडच्या सगळ्यांपेक्षा मोठं असतं आणि उजवीकडच्या उरलेल्या सगळ्यांपेक्षा लहान. म्हणून क्रम बिघडत नाही."

"एवढंच?"

"एवढंच."

"आणि एवढ्यासाठी आम्हाला वर्गाबाहेर काढलं," मोठी म्हणाली. बाबा हसले, आणि मग तिलाही हसू आलं. पण ते रागाचंच हसू होतं.

तो आठवडा ठरल्याप्रमाणे सरळ गेला असं मात्र नाही. लिंक्ड लिस्टने दीड दिवस खाल्ला. मधली गाठ काढताना आधी कुठला दुवा जोडायचा आणि मग कुठला तोडायचा, यात तिची चूक व्हायची आणि पुढची सगळी साखळीच हरवायची. मोकळी ठेवलेली दुपार त्यातच गेली. रोटेशनं तिने दोनदा हातात घेतली, दोनदा बाजूला ठेवली, आणि मग वेळापत्रकावर त्यांच्यावर सरळ रेघ मारली. ती रेघ मारताना तिला वाईट वाटलं, पण ती तिने स्वतः मारली होती, हिशेब करून. चौघांपैकी एक मुलगा तिसऱ्या दिवसानंतर आलाच नाही. बाबांनी शेवटचे दोन दिवस काउंटरवर तिला पाऊल ठेवू दिलं नाही. गिऱ्हाईक वाट पाहील, म्हणाले, कपडे कुठे पळून जाताहेत!

पेपर आला तो ना सोपा ना अवघड. ट्रीच्या युनिटात दोन प्रश्नांपैकी एक लिहायचा होता. पहिला रोटेशनांचा. दुसऱ्यात पंचेचाळीस, वीस, साठ, दहा, तीस, पन्नास, ऐंशी या आकड्यांचं बायनरी सर्च ट्री काढा, तिन्ही ट्रॅव्हर्सलं लिहा, मग पंचेचाळीस काढून टाका. मोठीने झाड काढलं. पंचेचाळीसच्या उजवीकडचं सगळ्यात लहान पन्नास. ते वर नेलं. मग पडताळा म्हणून इनऑर्डर, म्हणजे डावीकडून उजवीकडे, क्रम लिहून पाहिला: दहा, वीस, तीस, पन्नास, साठ, ऐंशी. चढत्या क्रमाने आला, म्हणजे बरोबर. ग्राफच्या प्रश्नात क्यूची प्रत्येक अवस्था तिने चौकटी काढून दाखवली. स्टॅकमध्ये एक चूक झाली, ती बाहेर आल्यावर कळली. पुढारी अर्ध्या वेळात पेपर देऊन बाहेर पडला होता. त्याची तीनच युनिटं होती, बसून करायचं काय?

निकालात मोठीला एक्केचाळीस मिळाले. अबोलीला तेहतीस. त्यांच्याबरोबर बसणाऱ्यांपैकी आणखी एक जण पास झाला. मधेच सोडून गेलेला नापास, आणि एक मुलगी तीन मार्कांनी गेली. तिन्ही युनिटं करणाऱ्या सहा जणांत एकच जण तरला, काठावर.

पुढारीला चोवीस मिळाले होते.

तो दुपारी लाँड्रीत आला आणि काउंटरला टेकून उभा राहिला. आज भाषण नव्हतं. "ताई, छत्तीसपैकी चोवीस," तो म्हणाला. "एवढे मार्क मला आयुष्यात कुठल्या विषयात पडले नव्हते. मी सगळं केलं. जे सांगितलं ते सगळं केलं. रोज, लिहिलेल्या वेळेला. मग मी नापास कसा?"

मोठीला स्वतःच्या बावीस मार्कांचाही इतका राग आला नव्हता. स्वतःच्या वेळी ती एका सीनियरच्या बोलण्याने फसली होती. हा मुलगा विभागाच्या शिक्क्याने फसला होता, आणि फसला तो आज्ञाधारक होता म्हणून.

तरी कदाचित एवढ्यावर सगळं थंडावलं असतं. पण त्याच आठवड्यात विभागाच्या फळ्यावर नवीन सूचना लागली. 'ब गटातील अकरापैकी चार विद्यार्थी उत्तीर्ण. स्वतंत्र वेळापत्रक योजनेस यश. पुढील सत्रात योजना सर्व विषयांना लागू.'

मोठीने ती वाचली. पुढारीने ती तिच्या खांद्यावरून वाचली. मग दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"ताई," तो म्हणाला, "माझा आणि या योजनेचा आता छत्तीसचा आकडा. काय लिहायचं ते तुम्ही सांगा, सगळ्यांना गोळा करायचं काम माझं."

त्याचा गोतावळा आणि त्याचं तोंड या वेळी उपयोगी पडलं. अर्ज अर्ध्या पानाचा होता. पास झालेल्या चारपैकी तिघांनी हे वेळापत्रक पाळलेलंच नाही, हे पहिल्या वाक्यात. ते पाळणाऱ्या सहांपैकी पाच नापास, हे दुसऱ्यात. छत्तीसपैकी अठ्ठावीस म्हणजे किती, हे तिसऱ्यात. खाली अकरा सह्या, पास-नापास सगळ्यांच्या. काठावर तरलेल्या मुलानेही केली. म्हणाला, मी कसा वाचलो ते माझं मलाच माहीत.

सगळ्यांना समोर उभं ठेवून विभागप्रमुख बाईंनी अर्ज दोनदा वाचला. "याचा अर्थ तुम्ही विभागाने दिलेली सूचना मोडलीत."

"हो मॅडम," असं म्हणणारी मोठी नव्हती. ती अबोली होती. तिचा आवाज पहिल्यांदाच ऐकल्याने सगळेच चमकले. "म्हणून पास झालो."

टेबलाच्या बाजूला उभ्या असलेल्या सरांकडे बाईंनी पाहिलं. सरांना या वेळी चष्मा पुसायला सवड मिळाली नाही.

"आकडे बरोबर आहेत, मॅडम," ते म्हणाले. "पेपर मीच तपासलेत."

दोन दिवसांनी सूचना फळ्यावरून गेली. का गेली, हे कुणी सांगितलं नाही. माफी तर दूरच. पुढच्या सत्रात सगळ्यांना एकच वेळापत्रक मिळालं. त्यात युनिटं फोडलेली होती, प्रत्येक भागापुढे मार्क होते, आणि काठिण्याचा रकाना रिकामा ठेवून खाली लिहिलं होतं की तो ज्याचा त्याने भरावा. शंकानिरसनाला मोठा वर्ग मिळाला. तो आधीही रिकामाच असायचा, हे नंतर शिपायाकडून कळलं. कागदाखाली 'संकल्पना' म्हणून सरांचं नाव होतं.

"तुझं नाव पाहिजे होतं तिथे," धाकटी फणकारली.

"असू दे," आई म्हणाली.

"का असू दे? मला नाही चालत," मोठी म्हणाली. "उद्या जाऊन सांगते सरांना. ऐकतील की नाही ते पुढचं पुढे."

आणि ती उठून लाँड्रीत गेली. तिथे पुढारी वही उघडून आतल्या टेबलावर बसला होता. पेन कानावर, आणि पहिल्याच झाडाची सगळी मोठी पोरं डावीकडे काढून ठेवलेली.

"उलटं आहे," ती म्हणाली. "पुसून टाक. पहिल्यापासून घेऊ."